आवाज घुमतोय? गोधडी माइकच्या मागे नको, तुमच्या पाठीमागे हवी

प्रश्न: मी घरी दीड हजाराच्या यूएसबी माइकवर व्हॉइसओव्हर करतो. माइकच्या मागच्या भिंतीला गोधड्या लावल्या, तरी बाथरूममध्ये बोलल्यासारखं येतं. काय चुकतंय?

गोधड्या चुकीच्या भिंतीवर आहेत. टेबलावर ठेवायचे बहुतेक यूएसबी माइक समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकतात. तुमचा तसाच आहे का, हे पाहायला बोलत बोलत त्याच्याभोवती एक फेरी मारा आणि रेकॉर्डिंग ऐका. मागे गेल्यावर आवाज कमी झाला, तर तसाच आहे. म्हणजे माइकचं तोंड तुमच्याकडे आणि तुमच्या पाठीमागच्या भिंतीकडे असतं. तुमचा आवाज खोलीभर फिरून त्या उघड्या भिंतीवरून परततो आणि सरळ माइकमध्ये शिरतो. गोधडी तिथे हवी.

पण गोधडी हलवण्याआधी अंतर बघा, कारण सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडतो. तोंड आणि माइक यांच्यात ६० सेंटीमीटर असतील, तर ते १५ वर आणा, म्हणजे वीतभरापेक्षा थोडं कमी. तुमचा थेट आवाज माइकपाशी साधारण १२ डेसिबलने वाढतो, पण खोलीत घुमणारा आवाज जवळपास होता तेवढाच राहतो. आता गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण, कमी करा, म्हणजे घुमणंही त्याबरोबर खाली जातं. गेन असा ठेवा की मोठ्यात मोठा शब्दही रेकॉर्डिंगच्या मीटरवर -१२ ते -६ डेसिबलच्या दरम्यान राहील. १५ सेंटीमीटरच्याही आत मात्र जाऊ नका, असे माइक फार जवळून खर्ज फुगवतात. आणि माइक थेट ओठांसमोर न धरता थोडा बाजूला ठेवा. आपल्या भाषेत फ, भ, ख, ठ पावलोपावली येतात, त्यांची हवा माइकवर आदळली की भसकन आवाज येतो.

माझी खोली १० बाय ११ फुटांची, खाली लाद्या, वर स्लॅब, एका बाजूला लोखंडी कपाट. टाळी वाजवली की टर्रर्र असा शेपटासारखा आवाज यायचा. मी कपडे वाळत घालायचे दोन स्टँड पाठीमागे इंग्रजी व्ही अक्षरासारखे उभे केले आणि त्यांवर आजीच्या दोन जड गोधड्या दुहेरी घड्या करून टाकल्या. स्टँड भिंतीपासून वीतभर पुढे ठेवले. भिंतीला चिकटवलेली गोधडी फक्त बारीक, चिरका आवाज शोषते. मध्ये हवा राहिली की त्याहून थोडा खालचाही शोषते. टेबलावर जाड टॉवेल अंथरला, कारण टेबल माइकच्या सगळ्यात जवळ असतं आणि तिथून परतणारा आवाज बोलणं पोकळ करतो.

गोधडी कशी निवडायची? तोंडाला लावून फुंकर मारा. हवा आत जाते पण अडखळत जाते, ती चांगली. लोकरीचं घोंगडं, कापसाची रजई, जुन्या साड्यांची वाकळ, सगळं चालतं. पातळ पॉलिस्टरची चादर फारसं काही करत नाही आणि रेक्झिन तर आवाज उलट परतवतं.

फरक पडला की नाही, हे कानाने ठरवा. मी "ताट, पाट, झटपट" असं थांबून थांबून बोलते आणि हेडफोनमध्ये प्रत्येक ट नंतरची शांतता ऐकते. ट तिथल्या तिथे तुटायला हवा. त्याच्यामागे शेपूट ऐकू आलं, तर वरून येतंय का बघा: डोक्यावर एक पांघरूण धरायला कुणाला तरी सांगा आणि तेच पुन्हा बोला. शेपूट गेलं, तर दोन्ही स्टँडवरून एक चादर वर ताणून घ्या, जाड असली तर उत्तम.

उत्साहाच्या भरात चहूबाजूंनी घट्ट तंबू मात्र करू नका. मी तो केला होता आणि आवाज मडक्यात बोलल्यासारखा दबका झाला. पांघरुणं वरच्या पट्टीचा आवाज खातात, खर्ज तसाच राहतो, मग तोच भरून राहतो. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेतीन मीटर असते, तिला गोधडीची जाडी काहीच नाही. समोरची बाजू मोकळी सोडली आणि ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये खालचा खर्ज कापणारा High-Pass Filter ८० हर्ट्झला लावला, तेव्हा बोलणं मोकळं झालं.

बाहेरचा आवाज गोधडीने थांबत नाही. शेजारच्या कुकरची शिट्टी, खालच्या रिक्षा येणारच, त्यासाठी वेळ बदला. मी पहाटे साडेपाचला बसते, पंखा आणि फ्रिज बंद करून, आणि सुरुवातीला दहा सेकंद गप्प राहते. त्या दहा सेकंदांवरून ऑडॅसिटीच्या Noise Reduction ला मागची घरघर ओळखता येते. घुमणं मात्र त्याने जात नाही, कारण ते तुमच्याच आवाजाचं असतं. ते रेकॉर्डिंगच्या आधीच घालवावं लागतं. आणि फ्रिज परत चालू करायची आठवण म्हणून घराची किल्ली त्याच्या आत ठेवा.