घरखर्च निम्मा-निम्मा नको, पगाराच्या प्रमाणात हवा: हिशेब कसा मांडायचा?

प्रश्न: माझ्या हातात महिन्याला ४२ हजार येतात, नवऱ्याच्या ७८ हजार. घरखर्च ६० हजार, तो आम्ही निम्मा-निम्मा भरतो. महिनाअखेर माझ्याकडे काहीच उरत नाही, त्यांचं मात्र बरंच शिल्लक राहतं. पगाराच्या प्रमाणात वाटायचं ठरलंय, पण नेमकं कसं काढायचं?

उत्तर:

आमच्या घरी उलट आहे, माझा पगार नवऱ्यापेक्षा जास्त आहे. म्हणजे या पद्धतीत जास्त पैसे भरणारी बाजू माझी. तरीही मी हीच पद्धत सुचवेन.

टक्केवारी काढत बसू नका. एकूण खर्चाला दोघांच्या मिळून पगाराने भागा. तुमचे ६० हजार भागिले १ लाख २० हजार, म्हणजे रुपयामागे ५० पैसे. जो जितके रुपये कमावतो त्याने प्रत्येक रुपयातले ५० पैसे घरात टाकायचे. तुमचे झाले २१ हजार, त्यांचे ३९ हजार. आज तुम्ही ३० हजार भरता आणि तुमच्याकडे १२ उरतात, त्यांच्याकडे ४८. नव्या हिशेबात तुमच्याकडे २१ उरतील, त्यांच्याकडे ३९. हा पैशांचा दर मला आवडतो, कारण तो दोघांना सारखाच लागू होतो आणि ‘मी जास्त भरतो’ हे वाक्य आपोआप गळतं. खर्च वाढला की दर वाढतो, दोघांचाही.

आता खरी मेख. ‘पगार’ म्हणजे कोणता आकडा? बँकेत जमा होतो तो धरला तर बऱ्याचदा फसगत होते. दोघांची पगारपत्रकं शेजारी ठेवा आणि कपातीच्या रकान्यातली एकेक ओळ वाचा. कर आणि सक्तीच्या कपाती सोडून द्या, ते पैसे कोणाच्या हातात नव्हतेच. पण स्वतःच्या मर्जीने कापून घेतलेली जादा बचत, विम्याचा हप्ता, कार्यालयातून घेतलेल्या वैयक्तिक कर्जाचा हप्ता, हे सगळं परत मिळवायचं. समजा त्यांच्या पगारातून ८ हजार अशा ऐच्छिक बचतीला परस्पर जातात. मग त्यांचा पगार ७८ नव्हे, ८६ हजार. दोघांची बेरीज १ लाख २८ हजार आणि तुमचा वाटा २१,००० वरून १९,६८८ वर येतो. महिन्याला तेराशेचा फरक किरकोळ वाटेल, पण वर्षाला तो पंधरा हजारांच्या वर जातो. शिवाय ती बचत त्यांच्या एकट्याच्या नावावर साठत असते. तुमच्या पगारातून अशी काही कपात होत असेल तर तीही याच नियमाने मिळवा, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल.

पगार दरमहा बदलत असेल, म्हणजे कमिशन किंवा जादा कामाचे पैसे मिळत असतील, तर मागच्या बारा महिन्यांची सरासरी धरा. दर महिन्याला नव्याने गणित करायला गेलात तर दोन महिन्यांत कंटाळाल.

दुसरी गोष्ट, त्या ६० हजारांत काय काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. भाडं, वीज, किराणा, मुलांचा खर्च असेल तर प्रश्न नाही. पण गृहकर्जाचा हप्ता असेल आणि घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल, तर तो आख्खा हप्ता वाटणीत घालू नका. हप्त्यात दोन भाग असतात. व्याज हे एका अर्थी राहण्याचं भाडं, त्यात तुमचा वाटा योग्यच. मुद्दल फिटते तशी मात्र घरातली मालकी वाढते, आणि ती ज्याच्या नावावर घर त्याची. समजा हप्ता २४ हजार आहे, त्यात व्याज १७ आणि मुद्दल ७. मग वाटायचा खर्च ६० नाही, ५३ हजार. आधीचेच पगार धरले, म्हणजे तुमचे ४२ आणि त्यांचे ७८, तर तुमच्या वाट्याला १८,५५० येतात. त्यांचे ३४,४५० आणि मुद्दलाचे ७ हजार, मिळून ४१,४५०. कर्ज जुनं होत जातं तसा व्याजाचा भाग कमी आणि मुद्दलाचा जास्त होतो, म्हणून वर्षातून एकदा कर्जखात्याचा उतारा काढून हे दोन आकडे बदला. घर दोघांच्या नावावर, तेही खर्चाच्या प्रमाणातच असेल, तर ही सगळी कसरत करावी लागत नाही. (माझ्या मते मालकीचा कागद नीट करणं हेच जास्त सोपं.)

पैसे एकत्र करायला एक संयुक्त खातं पुरे. पगार झाला की दुसऱ्या दिवशी दोघांचा वाटा तिथे आपोआप वळता व्हावा आणि घराचं प्रत्येक बिल त्याच खात्यातून जावं. कपडे, छंद, मित्रमंडळी, स्वतःच्या आईवडिलांना पाठवायचे पैसे आपापल्या खात्यातून. शेवटची बाब आधीच बोलून ठेवा, भांडणं वीजबिलावरून होत नाहीत, यावरून होतात.

पगारवाढ झाली की सगळी वाटणीतच जाईल अशी भीती कमी कमावणाऱ्याला असते. तसं होत नाही. तुमचा पगार ४२ वरून ५२ हजार झाला आणि खर्च ६० वरच राहिला, तर दर ४६ पैशांच्या आसपास येतो. तुमचा वाटा २१ ऐवजी २४ हजार. वाढीतले ३ हजार घरात गेले, ७ तुमच्याकडे राहिले, आणि त्यांचा वाटा ३६ हजारांवर उतरला.

पद्धत जिथे लंगडी पडते ती जागा वेगळी आहे. जास्त कमावणाऱ्याला मोठं घर हवं असतं. खर्च ६० चा ७६ झाला तर त्यातले ५,६०० तुमच्यावर येतात, आणि तुमच्या २१ हजारांच्या शिल्लकीतून ५,६०० जाणं त्यांच्या ३९ हजारांतून १०,४०० जाण्यापेक्षा जास्त बोचतं. म्हणून खर्चाची पातळी कमी कमावणाऱ्याला झेपेल तिथे ठरवा, वरचा हौसेचा फरक ज्याची हौस त्याने भरावा.

आणि एखाद्याचा पगार थांबला तर हे सूत्र अगदीच निरुपयोगी ठरतं. मुलासाठी तुम्ही सहा महिने बिनपगारी रजा घेतलीत, तर तुमचा वाटा शून्य, पण शिल्लकही शून्य. चहाचे पैसेही मागून घ्यावे लागतील. त्या काळापुरता हिशेब उलटा करा: आधी घरखर्च बाजूला काढा आणि उरलेलं सारखं वाटा. ७८ मधून ६० गेले, उरले १८, तर ९ हजार तुमच्या खात्यात आणि ९ त्यांच्या. हे रजेचा अर्ज देण्याआधी ठरवून घ्या, नंतर मागणं अवघड जातं.