मार्जिन वीस टक्के की पंचवीस? ‘वर’ आणि ‘तला’ मधला फरक

प्रश्न: मी नवीन जनरल स्टोअर टाकलंय. सेल्समन म्हणतो या मालात २० टक्के मार्जिन आहे. मला ८० ला पडतं, एमआरपी १०० आहे, माझ्या आठवीतल्या मुलीने गणित करून २५ टक्के काढले. खरं कोण? आणि मार्कअप आणि मार्जिन हे एकच का, मराठीत यांना वेगळे शब्द आहेत का?

दोघंही बरोबर आहेत. रुपये दोघांचेही वीसच, फक्त सेल्समनने ते शंभरातून मोजले आणि मुलीने ऐंशीवर मोजले. वीस भागिले शंभर म्हणजे २० टक्के, वीस भागिले ऐंशी म्हणजे २५ टक्के. पहिल्याला मार्जिन म्हणतात, दुसऱ्याला मार्कअप. मुलीने जे केलं ते शाळेत शिकवतात तसंच केलंय, कारण आपल्या अंकगणितात शेकडा नफा काढायचा तो खरेदी किमतीवर हा नियम, नफा भागिले खरेदी किंमत गुणिले शंभर, त्यामुळे शाळेतला ‘शेकडा नफा’ म्हणजे मार्कअपच. पण बाजारात पाऊल टाकलं की त्याच वीस रुपयांना लोक वेगळा आकडा सांगतात आणि शाळेत हुशार असलेला माणूसही तिथे गडबडतो.

आता शब्दाचं. माझ्या मते गोंधळाचं मूळ टक्क्यात नाहीये, ‘वर’ या शब्दात आहे. ‘किमतीवर वीस टक्के’ असं आपण म्हणतो तेव्हा कोणती किंमत ते सांगतच नाही, शिवाय ‘वर’ कधी ‘आणखी घालून’ या अर्थी येतो आणि कधी नुसता ‘च्या हिशोबाने’ या अर्थी. ‘ऐंशीवर वीस लावले’ यात वर म्हणजे खरंच वर, चढवलेले. पण ‘एमआरपीवर वीस टक्के मिळतात’ यात कोणी एमआरपीच्या वर काही लावत नाही, लावूच शकत नाही, ते वीस एमआरपीच्या आतच आहेत. शब्द एकच, दिशा मात्र उलटी.

पण गंमत बघा, शब्द वेगळे नसले तरी मराठी दुकानदाराच्या तोंडी क्रियापदं वेगळी आहेत. भाजीवाला, कापडवाला म्हणतो ‘पंचवीस टक्के लावले’ किंवा ‘चढवले’. किराणा किंवा मेडिकलवाला म्हणतो ‘वीस टक्के सुटतात’. लावणं, चढवणं हे खरेदीपासून सुरू होतं, हातात माल आहे, पडता भाव माहिती आहे, त्यावर आपण काहीतरी ठेवतो. सुटणं हे विक्रीपासून सुरू होतं, गल्ल्यात शंभर आले, त्यातले ऐंशी मालाचे गेले, वीस सुटले. मी हेच धरून चालतो: लावले म्हणजे मार्कअप, सुटले म्हणजे मार्जिन. लिहिताना मी ‘खरेदीवर नफा’ आणि ‘विक्रीतला नफा’ असं लिहितो, एकाला ‘वर’ आणि दुसऱ्याला ‘तला’, मग वाचणाऱ्याला विचारावंच लागत नाही. वहीच्या मार्जिनला आपण समास म्हणतो, तो पानाच्या आतच असतो, पानाच्याच रुंदीतून घेतलेला, तसा विक्रीतला नफा विक्री किमतीच्या आत असतो. हे एकदा डोळ्यासमोर आलं की मार्जिन शंभर टक्के का होत नाही तेही कळतं, समासच सगळं पान खाऊन टाकेल तर लिहायला जागा कुठली, म्हणजे माल फुकट मिळाला तरच तसं होईल. मार्कअपला अशी हद्द नाही, दहाची वस्तू चाळीसला विकली की तीनशे टक्के. म्हणून कोणी ‘तीनशे टक्के मार्जिन’ म्हणाला तर तो मार्कअपच सांगतोय हे नक्की.

एकावरून दुसरा काढायला सूत्र पाठ करायची गरज नाही, अपूर्णांकात बघा. चारावर एक ठेवला की पाच होतात, म्हणजे खरेदीवर पाव नफा तो विक्रीतला पाचवा हिस्सा. तिनावर एक ठेवला की चार, म्हणजे खरेदीवर एक तृतीयांश तो विक्रीतला पाव. दोनावर एक ठेवला की तीन. जेवढ्यास तेवढे ठेवले, म्हणजे दामदुप्पट, तर खरेदीवर १०० टक्के आणि विक्रीतले ५०. टक्के लहान असतील तर फरक किरकोळ वाटतो, खरेदीवर ५ म्हणजे विक्रीतले साधारण पावणेपाच, आणि म्हणूनच वाण्याच्या बारीक नफ्याच्या मालात हा गोंधळ वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. नफा जसा जाड होतो तशी दरी रुंदावते.

मग एका धंद्यात ‘लावले’ आणि दुसऱ्यात ‘सुटले’ असं का? माझं उत्तर असं की जो आकडा आधी ठरलेला असतो त्याच्यावर टक्के मोजतात. कापडवाल्याला खरेदीचा भाव माहिती, विक्रीचा तो स्वतः ठरवणार, म्हणून तो खालून वर जातो. पाकिटावर एमआरपी छापून आली की विक्री किंमत ठरलेली, म्हणून दुकानदार वरून खाली येतो, एमआरपीतून मार्जिन वजा करून खरेदी काढतो. तुमचा सेल्समन म्हणूनच २० म्हणाला, त्याने काही लपवलं नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला औषधांच्या धंद्यात मिळालं, मी काही वर्षं मामांच्या मेडिकलमध्ये काउंटरला होतो. सरकार ज्या औषधांच्या किमती बांधून देतं त्यांना तिथे शेड्यूल्ड म्हणतात, आणि त्यात दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के हे सगळ्यांना पाठ. पण १६ टक्के कशाचे? १९९५ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात, धंद्यात त्याला डीपीसीओ म्हणतात, असं होतं की दुकानदाराला माल द्यायचा तो किरकोळ किमतीतून तिचेच १६ टक्के वजा करून. म्हणजे विक्रीतले १६, शंभराची पट्टी दुकानाला ८४ ला. पुढे २०१३ चा आदेश आला, त्यात आकडा १६ च राहिला, शब्दही मार्जिनच राहिला, पण ते दुकानदाराच्या खरेदी किमतीचे, म्हणजे पीटीआरचे, १६ टक्के झाले. पीटीआर शंभर असेल तर कमाल किंमत ११६. आता सोळा भागिले एकशे सोळा करून बघा, १३.७९ येतात. म्हणजे आधी शंभर रुपयांच्या विक्रीत १६ सुटायचे ते आता पावणेचौदा सुटतात. (जीएसटी मी बाजूला ठेवलाय, तो खरेदी-विक्रीला एकाच दराने लागतो तेव्हा या टक्क्यात फरक पडत नाही.)

कायद्याच्या भाषेत इथे मार्जिन हा शब्द मार्कअपच्या अर्थाने वापरलाय, आणि तो का ते वरच्याच कारणाने उलगडतं. १९९५ ला सरकार थेट किरकोळ किंमत ठरवत होतं, ठरलेला आकडा वरचा, म्हणून वजाबाकी. २०१३ ला पद्धत बदलली, बाजारात ज्या ब्रँडचा हिस्सा किमान १ टक्का आहे त्यांच्या पीटीआरची सरासरी काढायची आणि तिथून कमाल किंमत बांधायची, म्हणजे ठरलेला आकडा खालचा, म्हणून बेरीज. आधार बदलला आणि शब्द तोच राहिला. मला हे महत्त्वाचं वाटतं कारण नुसतं ‘सोळा टक्के मार्जिन’ एवढं वाचून दोन्ही आदेश सारखे आहेत असं कोणीही समजेल.

काउंटरवर याचा फटका कुठे बसतो तर डिस्काउंटमध्ये. डिस्काउंट कायम एमआरपीतून, म्हणजे विक्रीतूनच जातो, गिऱ्हाईक खरेदीचा भाव बघत नाही. मामांनी एकदा सरसकट १५ टक्के सूट असा बोर्ड लावायचं ठरवलं, हिशोब असा की सोळा आहेत, पंधरा दिले तरी एक राहतो, गिऱ्हाईक वाढेल. मी कागदावर मांडून दाखवलं: पट्टी आपल्याला १०० ला, किंमत ११६, पंधरा टक्के सूट म्हणजे १७ रुपये ४० पैसे, हातात आले ९८ रुपये ६० पैसे. प्रत्येक पट्टीमागे एक रुपया चाळीस पैसे खिशातून, आणि दुकानाचं भाडं, पोराचा पगार त्यात धरलेलाच नाही. खरेदीवर कंपनीची स्कीम, बोनस माल मिळत असेल तर गणित थोडं सावरतं, पण बोर्ड लावताना ते कोणी पट्टीनिहाय बघत नाही. तुमच्या मालाचंही तसंच, मुलीचे २५ टक्के डोक्यात ठेवून २५ टक्के सूट दिलीत तर ऐंशीचा माल पंचाहत्तरला जाईल. वीस दिलीत की बरोबरी.

उलटी चूक ज्यांना स्वतः भाव ठरवायचा असतो त्यांच्याकडून होते. समजा तुम्ही दुकानात सुटा मसाला ठेवणार, किलोला ५०० पडतो आणि तुम्हाला विक्रीतले २० टक्के सुटायला हवेत. बरेच जण ५०० वर २० टक्के लावून ६०० ला विकतात. मग सुटतात शंभर, सहाशेतले शंभर म्हणजे १६.६७ टक्केच. विक्रीतले वीस सुटायला हवेत म्हणजे पाचशे हे उरलेले ऐंशी टक्के झाले पाहिजेत, म्हणून पाचशे भागिले ०.८, भाव ६२५. किलोमागे पंचवीस रुपयांचा फरक आहे, आणि तो वर्षाच्या शेवटी ‘विक्री तर झाली, पैसे कुठे गेले’ असा दिसतो.

तुम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर घेणार असाल तर एक गोष्ट आधी तपासा. मार्जिन असं लिहिलेला रकाना सगळीकडे एकाच अर्थाने चालत नाही, मी वापरलेल्या एकात मार्जिन लिहून आत खरेदीवर बेरीज होत होती, आम्हाला ते दोन महिन्यांनी कळलं. खोटी वस्तू टाका, खरेदी १००, मार्जिन ५०. विक्री १५० दाखवली तर ते खरेदीवर लावतंय, २०० दाखवली तर विक्रीतले सोडतंय. पन्नास मुद्दाम सांगतोय, दहा टाकलेत तर ११० आणि १११ येतील आणि राउंड ऑफ झालं असेल असं वाटून जाईल.

आणि सेल्समनला पुढच्या वेळी नुसतं ‘मार्जिन किती’ विचारू नका, ‘शंभराच्या विक्रीत किती सुटतात’ असं विचारा, म्हणजे तो सांगेल तो आकडा कशातला ते तुम्हाला आधीच माहिती असेल.