मागणी वक्र सरासरी खर्चाला फक्त स्पर्शच का करतो?

प्रश्न: मक्तेदारीयुक्त स्पर्धेत दीर्घकाळात मागणी वक्र सरासरी खर्चाच्या वक्राला स्पर्शच का करतो, छेदत का नाही? आणि त्यावरून ‘अतिरिक्त क्षमता म्हणजे नासाडी’ हे कसं सिद्ध होतं?

पहिल्या भागाचं उत्तर आकडे मांडले की लगेच दिसतं. दुसरा भाग सिद्ध होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मक्तेदारीयुक्त स्पर्धा म्हणजे बरीच दुकानं, प्रत्येकाची सेवा थोडी वेगळी, आणि नवं दुकान उघडायला आडकाठी नाही. त्यातलं एक सलून घ्या. आकडे मी सोयीसाठी धरलेत. भाडं, पगार वगैरे मिळून दिवसाचा स्थिर खर्च १६०० रुपये. दर गिऱ्हाइकामागे पावडर, ब्लेड, टॉवेलचे २० रुपये. शिवाय गर्दी वाढली की जादा माणूस, जादा वेळ लागतो. तो बोजा गिऱ्हाइकांच्या संख्येच्या वर्गाइतका धरू. दिवसाची गिऱ्हाइकं q धरली, तर सरासरी खर्च 1600/q + 20 + q. हा सगळ्यात कमी होतो ४० गिऱ्हाइकांना, तेव्हा तो १०० रुपये असतो.

सुरुवातीला वस्तीत सलून कमी आहेत आणि आपल्या दुकानाची मागणी P = 220 − 3q आहे, म्हणजे q गिऱ्हाइकं हवी असतील तर दर P ठेवावा लागतो. सर्वाधिक नफा २५ गिऱ्हाइकांवर मिळतो: दर १४५, सरासरी खर्च १०९, दिवसाला ९०० रुपये नफा. हे पाहून शेजारी नवी सलून उघडतात. आपली काही गिऱ्हाइकं तिकडे वळतात आणि मागणीची रेषा डावीकडे सरकते. ती कुठवर सरकणार? नफा संपेपर्यंत. इथे ती P = 180 − 3q वर येऊन थांबते.

आता नीट बघा. २० गिऱ्हाइकांना दर १२० आणि खर्चही १२०. एक गिऱ्हाईक वाढवायचं तर दर ११७ करावा लागतो, पण खर्च उतरून ११७.१९ च होतो. एक कमी केलं तर दर १२३ मिळतो, खर्च मात्र १२३.२१. दोन्हीकडे तोटाच. रेषेने वक्र छेदला असता, तर त्या दोन छेदबिंदूंच्या मध्ये कुठेतरी दर खर्चाहून जास्त राहिला असता, मालकाने तोच बिंदू निवडून नफा कमावला असता आणि आणखी एक दुकान आलं असतं. रेषा वक्राच्या पूर्ण खाली गेली असती, तर कोणीतरी शटर ओढलं असतं. उरतो फक्त स्पर्श. त्याच बिंदूवर सीमांत प्राप्ती आणि सीमांत खर्च, म्हणजे आणखी एका गिऱ्हाइकामागे वाढणारी मिळकत आणि वाढणारा खर्च, हेही समान निघतात, दोन्ही ६०. हा योगायोग नाही. जिथे नफा शून्य आहे आणि तोच शक्य असलेला सर्वात मोठा नफाही आहे, तिथे असंच होणार.

रेषा उतरती आहे, म्हणून वक्रही त्या जागी उतरताच असायला हवा. त्यामुळे स्पर्शबिंदू नेहमी किमान खर्चाच्या डावीकडेच पडतो. ४० ऐवजी २०, हीच अतिरिक्त क्षमता. अर्थशास्त्रज्ञ चेंबरलिनने १९३३ साली ही मांडणी केली, पण तो स्वतः याला सरळसरळ नासाडी म्हणायला तयार नव्हता, आणि ते योग्यच होतं.

कारण हिशोब असा. दोन सलून मिळून ४० जणांवर ४८०० रुपये खर्च करतात. त्यांचं एकच केलं तर ४००० मध्ये भागतं, म्हणजे माणशी २० रुपये वाचतात. पण काही जणांना लांब जावं लागेल, काहींचा हात बसलेला कारागीर सुटेल. त्यांना ते २० रुपयांहून जड वाटतं की नाही, हे स्पर्शबिंदू सांगत नाही. नवं दुकान येताना दोन उलट गोष्टी घडतात. ते दुसऱ्यांची गिऱ्हाइकं ओढतं, त्यामुळे दुकानं गरजेपेक्षा जास्त होऊ शकतात. पण ते गिऱ्हाइकाला जो फायदा देतं, तो सगळा दरातून वसूल होत नाही, त्यामुळे ती कमीही पडू शकतात. जोसेफ स्टिग्लिट्झ आणि मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकलेले अविनाश दीक्षित या अर्थशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये हेच तपासलं. त्यांच्या मूळ प्रतिमानात, कोणत्याही दुकानाला तोटा होऊ द्यायचा नाही अशी अट ठेवली, तर बाजाराने काढलेली दुकानांची संख्या नेमकी इष्टतम निघते. मागणीचं रूप बदललं की हा निकाल बदलतो, पण ‘अतिरिक्त क्षमता आहे, म्हणजे नासाडी आहे’ ही उडी चुकीची ठरवायला तेवढा पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट, कारण परीक्षेत हमखास गल्लत होते. मंगळवारी दुपारी सलूनमधली रिकामी खुर्ची म्हणजे ही अतिरिक्त क्षमता नव्हे. ती खुर्ची रविवारच्या गर्दीसाठी ठेवलेली असते. सिद्धांतातली अतिरिक्त क्षमता ओळखायची असेल तर असं विचारा: गर्दी कायमची वाढली, तर या दुकानाचा प्रत्येक गिऱ्हाइकामागचा खर्च अजून उतरेल का? उतरत असेल, तर दुकान किमान बिंदूच्या डावीकडे आहे.