वाढदिवसाच्या निमंत्रणात गिफ्ट नको हे कसं लिहायचं?

"मुलाचा पाचवा वाढदिवस आहे, खेळणी घरात मावत नाहीयेत. गिफ्ट नको, किंवा द्यायचंच असेल तर कुठे फिरायला न्या, असं निमंत्रणात लिहिलं तर लोकांना वाईट वाटेल का? नेमकं काय लिहू?"

वाईट वाटत नाही, पण शब्द नीट निवडावे लागतात. आम्ही नागपुरात लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला व्हॉट्सअ‍ॅपवर "आपली उपस्थिती हाच आमचा आहेर" एवढंच टाकलं होतं, आणि जवळपास सगळेच गिफ्ट घेऊन आले, कारण हे वाक्य लोक लग्नपत्रिकेत इतक्यांदा वाचतात की ते खरं कोणी धरतच नाही. आणि ज्या दोघी मैत्रिणींनी खरं धरलं त्या बिचाऱ्या रिकाम्या हाताने आल्या आणि दारातच अवघडून गेल्या, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून सहाव्याला असं लिहिलं:

"चिऊ सहा वर्षांची होतेय! रविवारी संध्याकाळी ५ वाजता मुलांना घेऊन नक्की या. एक मनापासून विनंती, गिफ्ट आणू नका, तिच्याकडे खेळणी भरपूर आहेत आणि आम्ही कोणाकडूनच घेत नाही आहोत. तिला काही द्यावंसं वाटलंच तर सवडीने एखाद्या दिवशी तुमच्यासोबत महाराजबागेत किंवा रामन सायन्स सेंटरला घेऊन जा, ती खूप खूश होईल."

यात "कोणाकडूनच" हा शब्द सगळ्यात कामाचा आहे, त्याने बाकीचे आणतील आणि आपणच रिकाम्या हाताने जाऊ ही भीती जाते. "आहेर" शब्द मी काढला, तो लग्नामुंजीचा, आणि "आणू नये" तर पाटीवरच्या सूचनेसारखं वाटतं. फिरायला न्यायचं वाक्य मात्र शेवटी आणि "वाटलंच तर" असंच ठेवा. ते आधी आलं की मागणी वाटते. जागाही कमी खर्चाच्या सांगा, महागड्या गेम झोनचं नाव टाकलं तर समोरचा तिकिटाचा हिशोब करत बसतो. आणि पाकीट चालेल असं चुकूनही लिहू नका, मग सगळे पैसेच देतात.

शाळेतल्या मुलांच्या आईबाबांना पाठवताना मी फिरायला न्यायचं वाक्य काढूनच टाकलं, कारण ज्यांची आपली नीट ओळख नाही त्यांच्यासोबत आपणच लेकराला पाठवणार नाही, मग लिहायचं कशाला. त्यांना फक्त गिफ्ट नको एवढंच.

आजी, आत्या, मामा यांना मेसेज पाठवून भागत नाही, फोनच करा. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "औक्षण करून लेकराच्या हातावर काहीच नाही ठेवायचं का गं?" मी म्हटलं, आई, ते तुम्ही ठेवाच, फक्त बाहुली नको. मामाने मात्र सोबत न्यायचं लगेच कबूल केलं, तेव्हा मी फोनवरच पुढच्या रविवारची तारीख ठरवून घेतली, नाहीतर "नेऊ कधीतरी" म्हणत वर्ष निघून जातं.

तरीही तीन-चार जणांनी आणलंच. ते हसून घ्या, आतल्या खोलीत ठेवा, पण बाकीच्यांसमोर उघडू नका.