कंपनीला राहण्यासाठी दिलेल्या फ्लॅटचा जीएसटी घरमालकाने भरावा का?

प्रश्न : सांगलीत विश्रामबागेत माझे इलेक्ट्रिकल सामानाचे दुकान आहे आणि जीएसटी नोंदणी माझ्या प्रोप्रायटरशिपची आहे. माझा एक फ्लॅट कुपवाड एमआयडीसीतील एका जीएसटी नोंदणीकृत कंपनीला, तिच्या मॅनेजरच्या राहण्यासाठी, महिना १८,००० रुपये भाड्याने दिला आहे. २०२४-२५ चे भाडे प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवले, पण जीएसटीमध्ये का नाही, अशी ASMT-10 नोटीस आली आहे. ३८,८८० रुपये आणि वर व्याज भरून मोकळा होऊ का?

उत्तर : भरू नये. हा कर लागू आहे, परंतु तो भरण्याची जबाबदारी आपली नाही.

राहण्याच्या जागेचे भाडे पूर्वी सरसकट करमुक्त होते. १८ जुलै २०२२ पासून भाडेकरू जीएसटी नोंदणीकृत असेल तर ही माफी मिळत नाही. मात्र त्याच वेळी कर भरण्याची जबाबदारी रिव्हर्स चार्जने भाडेकरूवर टाकली गेली. घरमालक स्वतः नोंदणीकृत असला तरी यात फरक पडत नाही. म्हणजे १८ टक्क्यांप्रमाणे महिन्याचे ३,२४० रुपये कंपनीनेच आपल्या विवरणपत्रातून रोखीने भरायचे आहेत. तेच पैसे आपण भरले आणि कंपनीनेही भरलेले असले, तर एकाच भाड्यावर दोनदा कर जाईल आणि परताव्यामागे धावण्याचे काम मात्र आपल्या गळ्यात पडेल. १ जानेवारी २०२३ पासूनच्या खुलाशाचा आधार काही जण सुचवतात, पण तो भाडेकरू स्वतः प्रोप्रायटर असून वैयक्तिकरीत्या, स्वतःच्या राहण्यासाठी घर भाड्याने घेतो तेव्हाच्या माफीचा आहे. आपला भाडेकरू कंपनी असल्याने उत्तरात त्याचा उल्लेख करू नये.

तरीही नोटीस अगदीच निराधार नाही. कायद्याच्या दृष्टीने प्रोप्रायटर आणि त्याचे दुकान ही एकच व्यक्ती, एकच पॅन. त्यामुळे २,१६,००० रुपयांचे हे भाडे विक्रीच्या विवरणपत्रात, म्हणजे GSTR-1 च्या तक्ता 4B मध्ये, रिव्हर्स चार्जच्या विक्रीत, दिसायला हवे होते. एका आर्थिक वर्षातील अशी चूक दुरुस्त करण्याची मुदत पुढील ३० नोव्हेंबरपर्यंत असते. ती उलटली असेल तर उत्तरात तसे स्पष्ट लिहावे. दडवण्यासारखे त्यात काही नाही.

आपल्याकडून खरोखर देणे निघते ते वेगळ्याच ठिकाणी, आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रिव्हर्स चार्जची विक्री खरेदीवर भरलेल्या कराच्या क्रेडिटच्या हिशेबात करमुक्त विक्रीप्रमाणे धरली जाते, म्हणून सीएची फी, फोन अशा सामायिक खर्चांवर घेतलेल्या क्रेडिटचा काही भाग नियम ४२ प्रमाणे परत करावा लागतो. समजा दुकानाची वार्षिक विक्री ४८ लाख आहे आणि सामायिक क्रेडिट महिन्याला १,५०० रुपये आहे. एकूण ५०.१६ लाखांत भाड्याचा वाटा साधारण ४.३ टक्के, म्हणजे महिन्याला सुमारे ६५ आणि वर्षाला पावणेआठशे रुपये. दुकानाच्या मालावरील क्रेडिट यात येत नाही. ही रक्कम व्याजासह DRC-03 या फॉर्मने भरून तिची प्रत उत्तरासोबत जोडावी.

उत्तर ASMT-11 मध्ये, नोटिशीत दिलेल्या मुदतीत द्यावे. ही मुदत कमाल ३० दिवसांची असते. सोबत नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, भाड्याच्या जमा नोंदी असलेला बँकेचा उतारा आणि कंपनीचे पत्र जोडावे. त्या पत्रात कंपनीचा जीएसटी क्रमांक, फ्लॅट निवासासाठीच वापरल्याचा उल्लेख आणि रिव्हर्स चार्जने कर भरल्याचे महिनेवार आकडे असावेत. कंपनीने कर भरलाच नसेल, तर पत्र देताना ती टाळाटाळ करील. पण त्यामुळे तिची जबाबदारी आपल्याकडे येत नाही, आणि मग करारच आपला मुख्य पुरावा ठरतो.

म्हणून करारातील शब्द आजच वाचून पाहावेत. 'केवळ निवासासाठी' असे त्यात नसेल किंवा तिथे कंपनीचे टेबल-खुर्ची मांडून कार्यालय चालत असेल, तर चित्र उलटे होऊ शकते: तो व्यावसायिक वापर धरून नोंदणीकृत मालक म्हणून कर आपणच भरावा, असा वाद खाते उभा करू शकते. तसे झाले, करारात कर वेगळा लावण्याची तरतूद नसेल आणि भाडे करासह धरले गेले, तर १८,००० मधून महिन्याला २,७४६ रुपये आपल्याच खिशातून जातील. अशा व्यावसायिक वापराची पहिली खूण बहुधा अशी असते, की जीएसटी नोंदणीत फ्लॅटचा पत्ता व्यवसायाची जादा जागा म्हणून दाखवण्यासाठी कंपनी आपल्याकडे संमतीपत्र आणि वीजबिल मागते. निवासासाठी दिलेल्या फ्लॅटवर अशी सही करू नये.

करार मॅनेजरच्या नावाने करावा, असेही कोणी सुचवील. तो स्वतः नोंदणीकृत नसेल आणि भाडे खरोखर तोच देत असेल, तर कर कोणालाच लागत नाही. पण भाडे थकल्यास वसुली कंपनीऐवजी एका नोकरदाराकडून करावी लागेल. कर तसाही कंपनीच भरते, त्यामुळे या बदलात आपल्याला मिळण्यासारखे फारसे काही नाही. नूतनीकरणाच्या वेळी करार कंपनीच्याच नावाने ठेवून त्यात 'केवळ निवासासाठी' आणि 'जीएसटी रिव्हर्स चार्जने लायसन्सी भरेल' ही दोन कलमे घालून घ्यावीत.