स्वतंत्र शेर आणि गझलेचे सूत्र

प्रश्न: प्रत्येक शेर स्वतंत्र असेल, तर गझलेला एक विषय कसा द्यायचा? माझी गझल वाचून मित्र म्हणाला, या तर पाच वेगवेगळ्या कविता आहेत.

तुमच्या मित्राने दोष म्हणून जे सांगितले, ती जवळजवळ गझलेची व्याख्याच आहे. एकच वृत्त, एकच यमक आणि एकच अन्त्ययमक असलेल्या, प्रत्येकी दोन ओळींच्या किमान पाच कवितांची बांधणी म्हणजे गझल, असे सुरेश भटांनी सांगून ठेवले आहे. गझलेत विषय शोधू नये. शोधायचे ते रदीफ, म्हणजे प्रत्येक शेराच्या शेवटी तसाच परत येणारा शब्द, काय वाहून नेतो आहे हे.

हे मी आवर्जून लिहिते आहे, कारण दादरच्या एका काव्यमेळाव्यात माझ्या गझलेवरही हाच आक्षेप घेतला गेला होता. तिचा मतला, म्हणजे पहिला शेर, असा होता:

बोलणे माझे तुझ्याशी राहिले
शब्द जन्माचे उपाशी राहिले

या दोन ओळींनीच पुढचे सगळे ठरते. ‘राहिले’ हा रदीफ; ‘तुझ्याशी’, ‘उपाशी’ हे काफिये, म्हणजे यमकाचे शब्द; आणि ‘शी’च्या आधीचा, प्रत्येक काफियात तोच राहणारा ‘आ’ हा स्वर म्हणजे अलामत. म्हणून ‘स्वतःशी’ हा शब्द अर्थाने कितीही जवळचा वाटला, तरी या गझलेत काफिया म्हणून येऊ शकत नाही. पुढचे दोन शेर असे होते:

चाळ पडली, लोक गेले पांगुनी
नाव माझे उंबऱ्याशी राहिले

जिंकले मी भांडणे सारी, तरी
एक भांडण ते मनाशी राहिले

अध्यक्षस्थानी असलेले ज्येष्ठ कवी म्हणाले, की प्रेम, चाळ आणि मन अशी ही भटकंती आहे, तिला सूत्र नाही. चाळ पडल्यानंतर पुढे काय झाले, हे सांगणारा एक शेर हवा, असे म्हणून त्यांनी तो तिथेच रचून दिला:

रात्र सरली, ऊन आले अंगणी
मेघ थोडेसे नभाशी राहिले

सभागृहाने दाद दिली. वृत्त बिनचूक, काफिया बिनचूक, अलामतही सांभाळलेली. तरीही हा शेर मी घेतला नाही आणि आजही घेणार नाही. माझ्या तिन्ही शेरांत ‘राहिले’ म्हणजे जे पुरे व्हायला हवे होते किंवा आपल्याबरोबर यायला हवे होते, पण मागे उरले ते. बोलणे उरले, दारावरचे नाव उरले, मनाशी असलेले भांडण उरले. प्रसंग तीन आहेत, पण त्यांच्याकडे पाहणारी नजर एकच आहे, आणि ती नजर रदीफाने बांधली आहे. मेघांच्या शेरात मात्र ‘राहिले’ म्हणजे नुसते ‘होते’. तिथे ‘थांबले’ असे घातले तरी शेराचे काहीच बिघडत नाही. रदीफ बदलूनही शेर जसाच्या तसा उभा राहत असेल, तर तो रदीफ भरतीचा समजावा, आणि तसा शेर एकटा कितीही देखणा असला तरी त्या गझलेचा नसतो.

तुमच्या गझलेतही हेच करून पाहा. प्रत्येक शेराची फक्त दुसरी ओळ कागदावर एकाखाली एक उतरवा आणि रदीफाच्या जागी त्याच वजनाचा दुसरा शब्द ठेवा. ज्या ओळीला दुखत नाही, तीच फट. त्यानंतर मतला जागेवर ठेवून, आणि शेवटी नाव गुंफलेला मक्ता असेल तर तोही न हलवता, मधल्या शेरांचा क्रम बदला. क्रम बदलल्यावर एखादा शेर कळेनासा झाला, तर तो आधीच्या शेरावर टेकलेला आहे. अध्यक्षांना नेमका असा टेकलेला शेर हवा होता. ‘पुढे काय झाले’ हा प्रश्न कथेचा आहे, आणि तो गझलेला विचारला की सुट्या शेराचे बळ जाते.

एक गोष्ट सांगायला हवी. एकाच विषयावर सलग चालणारी मुसलसल गझल हाही मान्य प्रकार आहे, आणि तुम्हाला तशीच लिहायची असेल तर मित्राचा आक्षेप रास्त ठरेल. तिच्यातही प्रत्येक शेर एकटा म्हटला तरी पुरा वाटला पाहिजे, नाहीतर ती यमके जुळवलेली सलग कविता होते. शिवाय रदीफ नसलेल्या, म्हणजे गैरमुरद्दफ गझलेला माझी कसोटी लागू पडत नाही. तिथे एकसंधपणाचा सगळा भार काफियावर आणि बोलणाऱ्याच्या सुरावर येतो, आणि म्हणून ती लिहिणे अधिक अवघड असते. तुमच्या गझलेचा रदीफ कोणता, हे तुम्ही लिहिलेले नाही. तो ‘पाऊस’ किंवा ‘समुद्र’ यांसारखा नाम असेल, तर विषय आपोआप एकच होईल, पण प्रत्येक शेर पावसाचे नवे वर्णन करू लागेल. ‘राहिले’सारखे क्रियापद घेतले तर विषय हवे तितके बदलता येतात, क्रिया मात्र प्रत्येक शेरात खरोखर घडावी लागते.