हेल्पलाइनच्या कॉलसाठी पॉयसन वितरण

प्रश्न: हेल्पलाइनला तासाला सरासरी ४ कॉल येतात. एका तासात ८ किंवा जास्त येण्याची शक्यता कशी काढू?

उत्तर: पॉयसन वितरण लावा. k कॉल येण्याची संभाव्यता `e^(-λ) · λ^k / k!`, इथे λ म्हणजे तासाची सरासरी, म्हणजे ४. शून्य ते सात कॉलच्या संभाव्यतांची बेरीज ०.९४९ येते, म्हणजे उरले साधारण ५ टक्के. सरासरी वीसेक तासांत एखादा तास असा निघतो.

पण आधी नोंदवही बघा. पॉयसनमध्ये सरासरी आणि प्रचरण, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप, सारखंच असतं. तुमच्या तासवार आकड्यांचं प्रचरण ४ च्या आसपास न येता १० आलं, तर बहुधा दिवसाचे नि रात्रीचे तास एकत्र मोजलेत, किंवा लाइन न मिळालेला माणूस पुन्हापुन्हा फोन लावतोय (हे फार होतं). तास वेगळे करा, तोच नंबर एकदाच धरा. नाहीतर गर्दीच्या तासाची शक्यता खऱ्यापेक्षा कमी दिसेल.